विकिपीडियावरचं स्थापनावर्ष आणि मालक: एका नावाच्या दोन कंपन्या

प्रश्न: प्रबंधात एखाद्या कंपनीची स्थापना कधी झाली आणि ती कुणाच्या मालकीची आहे, एवढं एक वाक्य लिहायचं आहे. विकिपीडियाच्या पानावर उजव्या बाजूच्या चौकटीत दोन्ही गोष्टी दिलेल्या असतात. त्या घेतल्या तर चालतं का?

हा प्रश्न मला बऱ्याचदा विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला 'हो' किंवा 'नाही' एवढंच हवं असतं. 'विकिपीडिया कुणीही बदलू शकतं, म्हणून नको' हे उत्तर आपण पदवीपासून ऐकतोय. पण खरी अडचण ती नाही. मोठ्या कंपन्यांच्या पानांवर बऱ्याच लोकांची नजर असते आणि धडधडीत खोटी तारीख तिथे सहसा फार दिवस टिकत नाही. अडचण त्या चौकटीच्या रचनेतच आहे. 'स्थापना' या शब्दापुढे एकच ओळ असते, आणि जुन्या कंपनीच्या बाबतीत 'स्थापना कधी झाली' हा एक प्रश्न नसतो, चार-पाच प्रश्न असतात. चौकटीतलं वर्ष यांपैकी एका प्रश्नाचं अगदी बरोबर उत्तर असू शकतं, फक्त तो तुमचा प्रश्न नसतो.

हे मी रसायनशास्त्राच्या लोकांना रोज दिसणाऱ्या नावावरून सांगतो: मर्क. तुमच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात या नावाची निदान एक तरी बाटली असेल.

प्रश्न: मर्कची स्थापना कधीची?

आधी विचारा, कुठली मर्क? आज मर्क नावाच्या दोन कंपन्या आहेत आणि त्यांचा एकमेकींशी मालकीचा काहीही संबंध नाही. एक जर्मनीतल्या डार्मस्टाट शहरातली मर्क केजीएए. दुसरी अमेरिकेतल्या न्यू जर्सीतली मर्क अँड कंपनी, जी अमेरिका आणि कॅनडा सोडून बाकी जगात एमएसडी या नावाने वावरते. आणि गंमत म्हणजे जर्मन मर्कला अमेरिका-कॅनडात 'मर्क' हे नाव वापरता येत नाही, तिथे ती ईएमडी म्हणून ओळखली जाते. ईएमडी म्हणजे इमॅन्युएल मर्क, डार्मस्टाट. नावाची ही वाटणी दोन कंपन्यांमधल्या करारांनी झालेली आहे, आणि वेबसाइट व सोशल मीडियाच्या काळात ती कशी पाळायची यावरून त्यांचे कोर्टात दावेही झाले आहेत.

आता डार्मस्टाटच्या कंपनीचं वर्ष बघू. कंपनी स्वतः १६६८ सांगते. त्या वर्षी फ्रीडरिश याकोब मर्क याने डार्मस्टाटमधलं एंगेल-आपोथेके, म्हणजे 'देवदूत औषधालय', विकत घेतलं. कंपनीने २०१८ मध्ये ३५० वर्षं साजरी केली ती याच हिशेबाने. हे खोटं नाही, ते दुकान पिढ्यान् पिढ्या त्याच घराण्यात राहिलं. पण १६६८ साली तिथे होतं ते एका गावातलं औषधाचं दुकान. ना कारखाना, ना निर्यात. तुमच्या प्रबंधाचा विषय औषधनिर्मिती उद्योगाचा उगम असेल, तर तुमच्या कामाचं वर्ष १८२७ आहे. त्या वर्षी हाइनरिश इमॅन्युएल मर्क याने वनस्पतींपासून काढलेले अल्कलॉइड मोठ्या प्रमाणावर बनवून इतर औषधविक्रेत्यांना आणि संशोधकांना पुरवायला सुरुवात केली. त्यात मॉर्फिन होतं. ज्याला आपण आज 'रीएजंट पुरवणारी कंपनी' म्हणतो, ती इथे जन्मते. आणि तुम्ही कंपनी कायदा किंवा शेअर बाजारावर लिहीत असाल, तर १९९५ महत्त्वाचं, कारण आजचं केजीएए हे कायदेशीर रूप आणि शेअर बाजारातली नोंदणी तेव्हाची.

१६६८, १८२७, १९९५. तिन्ही बरोबर आहेत. 'जगातली सर्वांत जुनी औषध आणि रसायन कंपनी' हे वाक्य मात्र फक्त पहिलं वर्ष धरलं तरच उभं राहतं. कंपनीने यांतलं कुठलं निवडलं, हीसुद्धा इतिहासाच्या दृष्टीने एक माहितीच आहे. कंपन्या आपलं वय सहसा मागे ढकलतात, पुढे नाही.

प्रश्न: मग अमेरिकन मर्कचं वर्ष?

इथे गुंता वाढतो, पण एक-एक धागा सोडवला तर सोपा आहे. डार्मस्टाटच्या कंपनीने १८८७ मध्ये न्यूयॉर्कला विक्रीचं कार्यालय उघडलं. १८९१ मध्ये घराण्यातला तरुण जॉर्ज मर्क तिकडे गेला आणि मर्क अँड कंपनी सुरू झाली. चौकटीत आढळणारं वर्ष बहुधा हेच असतं. पण १८९१ ची ही कंपनी स्वतंत्र नव्हती, ती जर्मन घराण्याची अमेरिकेतली शाखा होती.

स्वतंत्र कधी झाली? पहिलं महायुद्ध. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि ऑक्टोबरमध्ये शत्रूशी व्यापारावर बंदी घालणारा कायदा झाला. त्या कायद्याखाली शत्रुराष्ट्रातल्या लोकांची अमेरिकेतली मालमत्ता एका सरकारी ताबेदाराकडे जमा होऊ लागली. मर्क अँड कंपनीतला जर्मन घराण्याचा मोठा हिस्सा असाच सरकारच्या हाती गेला. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये ते शेअर जाहीर विक्रीला निघाले आणि जॉर्ज मर्कने वित्तसंस्थांच्या मदतीने ते घेतले. तो स्वतः एव्हाना अमेरिकन नागरिक होता.

आता सांगा, वेगळं होण्याचं वर्ष १९१७ की १९१९? डार्मस्टाटचा हक्क कधी गेला असं विचारलंत तर १९१७ च्या कायद्यापासूनचा काळ. नवा मालक कधी आला असं विचारलंत तर १९१९. मधल्या काळात मोठ्या हिश्शाचा ताबा अमेरिकन सरकारकडे होता. चौकटीच्या एका ओळीत हे मावत नाही, म्हणून लिहिणारा कुठलंतरी एक वर्ष निवडतो. त्याने लबाडी केलेली नसते. जागाच तेवढी असते.

प्रश्न: ठीक आहे, दोन वर्षांचा फरक. त्याने प्रबंधात असं काय बिघडतं?

बिघडतं ते दोन कंपन्यांची गल्लत झाल्यावर. उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांवर तुम्ही आढावा लिहीत आहात असं समजा. नदीकाठच्या अंधत्वासाठी आयव्हरमेक्टिन हे औषध फुकट द्यायचा निर्णय १९८७ मध्ये 'मर्क'ने जाहीर केला. शिस्टोसोमायसिस या कृमिरोगासाठी प्राझिक्वांटेल जागतिक आरोग्य संघटनेमार्फत फुकट देण्याचा कार्यक्रम २००७ मध्ये 'मर्क'ने सुरू केला. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. पण पहिली मर्क न्यू जर्सीची आणि दुसरी डार्मस्टाटची. 'एकाच कंपनीने वीस वर्षांनी दुसरा दानकार्यक्रम सुरू केला' असं वाक्य तुम्ही त्यावरून रचलंत, तर तो इतिहास घडलेलाच नाही. तसंच २००४ मध्ये हृदयविकाराच्या धोक्यामुळे बाजारातून मागे घेतलेलं रोफेकॉक्सिब, म्हणजे व्हायॉक्स, हे अमेरिकन मर्कचं. ते डार्मस्टाटच्या खात्यावर टाकलंत तर परीक्षक थांबवणारच.

प्रश्न: मालकीचं काय? ती तर आजची गोष्ट आहे, तिथे काय गोंधळ होणार?

मला विचाराल तर मालकीचा भाग स्थापनेपेक्षा जास्त फसवा आहे. तीन उदाहरणं देतो, तीन वेगळ्या तऱ्हांची.

पहिलं डार्मस्टाटचं. आर्थिक माहिती देणाऱ्या संकेतस्थळांवर या कंपनीचे भागधारक शोधलेत तर मोठमोठ्या गुंतवणूक संस्थांची यादी दिसते, आणि वाटतं की कंपनी त्यांची आहे. पण केजीएए हा जर्मन कायद्यातला एक मिश्र प्रकार आहे: अर्धी भागीदारी, अर्धी शेअरवाली कंपनी. मर्क घराण्याची ई. मर्क केजी ही संस्था त्यात पूर्ण जबाबदारी घेणारी भागीदार आहे आणि एकूण भांडवलातला सुमारे ७० टक्के वाटा तिचा आहे. हा वाटा शेअर बाजारात येतच नाही. बाजारात फिरतात ते उरलेल्या सुमारे ३० टक्क्यांचे शेअर, आणि ती यादी फक्त त्या ३० टक्क्यांची असते. यादी अचूक, त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक. खरा आकडा कंपनीच्या वार्षिक अहवालात भांडवलाच्या प्रकरणात मिळतो.

दुसरं अमेरिकन मर्कचं, आणि हे माझं सगळ्यात आवडतं. २००९ मध्ये मर्कने शेरिंग-प्लाव ही कंपनी सुमारे ४१ अब्ज डॉलरला घेतली, असं सगळीकडे वाचायला मिळतं. व्यवहाराच्या अर्थाने ते खरंच आहे. पण कागदावर उलटं झालं. कायदेशीरदृष्ट्या टिकून राहिली ती शेरिंग-प्लाव, आणि तिचं नाव बदलून मर्क अँड कंपनी ठेवलं गेलं. जुनी मर्क तिची उपकंपनी झाली, तिचं नाव पडलं मर्क शार्प अँड डोम. असा द्राविडी प्राणायाम कशासाठी? शेरिंग-प्लावकडे रेमिकेड या औषधाचे अमेरिकेबाहेरचे विक्रीहक्क होते, ते जॉन्सन अँड जॉन्सनशी केलेल्या करारातून आलेले. शेरिंगची मालकी बदलली तर तो करार मोडण्याचा हक्क समोरच्याला मिळणार होता. म्हणून कागदोपत्री शेरिंगच कायम ठेवली. समोरच्यांना अर्थात हे पटलं नाही. ते लवादाकडे गेले, आणि २०११ मध्ये तडजोड होऊन मर्कने काही प्रदेशांतले हक्क सोडले, वर ५० कोटी डॉलरही दिले.

(जाता जाता: ही शेरिंगसुद्धा मूळची बर्लिनच्या शेरिंग कंपनीची अमेरिकन शाखा. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, ती अमेरिकन सरकारने ताब्यात घेतली. म्हणजे दोन महायुद्धांत जर्मनीपासून तुटलेल्या दोन शाखा २००९ मध्ये एक झाल्या. बर्लिनची मूळ शेरिंग तोवर बायरने घेऊन टाकली होती.)

यात तुमच्यासाठी सापळा कुठे आहे? अमेरिकेत नोंदलेल्या कंपन्यांचे अहवाल EDGAR या सरकारी संग्रहात मिळतात. तिथे प्रत्येक कंपनीला एक कायमचा क्रमांक असतो, त्याला CIK म्हणतात. आजच्या मर्क अँड कंपनीचा क्रमांक `310158`. हा क्रमांक मुळात शेरिंग-प्लावचा. तुम्ही या क्रमांकावरून २००५ चा संशोधनखर्च उतरवून घेतलात, तर हाती येईल शेरिंगचा आकडा, मर्कचा नाही. आलेख काढलात तर २००९ च्या आसपास एकदम उंच पायरी दिसेल आणि तुम्ही तिचं कारण शोधत बसाल. अशी पायरी दिसली की आधी त्या क्रमांकाखाली 'जुनं नाव' काय दिलंय ते बघा. तो मजकूर तिथे असतो, बऱ्याच जणांचं लक्ष जात नाही इतकंच.

प्रश्न: तिसरं उदाहरण?

ते आपल्याच घरातलं. एव्हिऑनच्या हिरव्या कॅप्सूल आणि न्यूरोबिऑनच्या गोळ्या मराठी घरांत वर्षानुवर्षं आहेत, आणि पाकिटावर मर्कचं नाव असायचं, ते जर्मन मर्कचं. ही औषधं भारतात विकणारी कंपनी मुंबईत नोंदलेली होती. २०१८ मध्ये जर्मन मर्कने ग्राहक-आरोग्याचा जागतिक व्यवसाय प्रॉक्टर अँड गँबलला विकला. त्यात भारतीय कंपनीतला निम्म्याहून थोडा जास्त, सुमारे ५२ टक्के, हिस्साही गेला. कंपनीचं नाव बदलून प्रॉक्टर अँड गँबल हेल्थ झालं. तुमच्या प्रयोगशाळेत येणारी मर्कची रसायनं मात्र या कंपनीकडून येत नाहीत. तो व्यवसाय डार्मस्टाटकडेच राहिला आणि वेगळ्या भारतीय कंपनीतून चालतो. २०१५ मध्ये सुमारे १७ अब्ज डॉलरला घेतलेली सिग्मा-ऑल्ड्रिच त्याच बाजूला आहे.

आता या प्रॉक्टर अँड गँबल हेल्थचा भारतातला नोंदणी क्रमांक, म्हणजे CIN, बघा:

`L99999MH1967PLC013726`

भारतातल्या प्रत्येक नोंदलेल्या कंपनीला असा २१ अक्षरांचा क्रमांक असतो. वार्षिक अहवालावर, कंपनीच्या पत्राच्या मथळ्यावर तो छापावाच लागतो. पहिलं अक्षर L म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, नसेल तर U. पुढचे पाच अंक उद्योगाच्या प्रकाराचे. MH म्हणजे महाराष्ट्र. मग नोंदणीचं वर्ष, १९६७. PLC म्हणजे पब्लिक लिमिटेड. शेवटचे सहा अंक कंपनीचा स्वतःचा क्रमांक.

हा क्रमांक वाचता आला की अर्धा प्रश्न सुटतो, पण फक्त अर्धा. १९६७ हे वर्ष सांगतं की ही कायदेशीर व्यक्ती तेव्हा जन्मली. प्रॉक्टर अँड गँबल तिची मालक २०१८ पासून आहे, हे त्यातून कळत नाही. 'प्रॉक्टर अँड गँबलने १९६७ मध्ये भारतात आरोग्य व्यवसाय सुरू केला' असं कुणी या क्रमांकावरून लिहिलं तर वाक्याचा प्रत्येक तुकडा कुठल्यातरी कागदावर सापडेल, पण वाक्य खोटं असेल. मालकीसाठी दुसरा कागद लागतो: शेअर बाजारात नोंदलेली कंपनी दर तिमाहीला भागधारणेचा तक्ता जाहीर करते, त्यात प्रवर्तकांचा वाटा पहिल्याच भागात असतो. हा तक्ता बाजाराच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येतो.

प्रश्न: म्हणजे विकिपीडिया बघायचाच नाही?

बघायचा, मीही बघतो. फक्त चौकट वाचून थांबायचं नाही. तारखेला जोडलेली तळटीप उघडा आणि ती कशाकडे नेते ते पाहा. ती कंपनीच्या 'आमच्याविषयी' या पानाकडे जात असेल तर तुम्हाला कंपनी स्वतःबद्दल काय सांगते ते मिळालं, आणि तसंच लिहा: 'कंपनीच्या म्हणण्यानुसार'. ती वर्तमानपत्राच्या बातमीकडे जात असेल तर बातमीची तारीख बघा. मग पानाच्या 'इतिहास पहा' या भागात जाऊन ते वर्ष पानावर कधी घातलं गेलं ते शोधा. इंग्रजी पानांच्या इतिहासात यासाठी `Find addition/removal` असा दुवा आहे. वर्ष पानावर आधी आलं आणि बातमी नंतरची असेल, तर बातमीदाराने ते याच पानावरून उचललेलं असण्याची दाट शक्यता. मग तो पुरावा नाही, प्रतिध्वनी आहे. चर्चापानही चाळा. ज्या कंपनीच्या स्थापनेवरून तिथे वाद घातला गेलाय, तिचा इतिहास गुंतागुंतीचा आहे हे तुम्हाला फुकटात कळतं.

एवढं केल्यावर मूळ कागद कुठले लागतील याची यादी तुमच्या हातात असते, आणि विकिपीडियाचा खरा उपयोग तोच.

प्रश्न: शेवटी वाक्य लिहायचं कसं?

वर्षाच्या आधी क्रियापद ठरवा. 'स्थापना झाली' हे क्रियापद शक्य तितकं टाळा, कारण त्यात औषधालय विकत घेणं, शाखा उघडणं, वेगळं होणं आणि कागदोपत्री नोंदणी, सगळं कोंबलेलं असतं. त्याऐवजी नेमकं काय झालं ते लिहा. मालकी लिहिताना तारीख घाला, कारण मालकी ही एका दिवसाची स्थिती असते. कंपनीचं पूर्ण कायदेशीर नाव आणि शहर पहिल्या उल्लेखात तरी द्या. म्हणजे असं:

'मर्क केजीएए, डार्मस्टाट (पुढे "जर्मन मर्क"). १६६८ मध्ये मर्क घराण्याने विकत घेतलेल्या औषधालयातून वाढलेली. अल्कलॉइडचं मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन १८२७ पासून. सध्याचं कायदेशीर रूप १९९५ पासून. अमुक वर्षाच्या वार्षिक अहवालानुसार भांडवलाचा सुमारे ७० टक्के वाटा ई. मर्क केजी या घराण्याच्या संस्थेकडे. न्यू जर्सीच्या मर्क अँड कंपनीशी पहिल्या महायुद्धानंतर मालकीचा संबंध नाही.'

'अमुक'च्या जागी तुम्ही स्वतः उघडून पाहिलेल्या अहवालाचं वर्ष घाला. आणि हाच हिशेब 'मटेरियल्स अँड मेथड्स'मध्येही वापरा. तिथे नुसतं 'मर्क' लिहू नका, बाटलीवरच्या लेबलवर पुरवठादार कंपनीचं जे पूर्ण नाव छापलंय ते उतरवा. जाता जाता संदर्भयादीतला 'मर्क इंडेक्स'ही तपासून घ्या: १८८९ मध्ये जर्मन मर्कने सुरू केलेला हा कोश पुढे बराच काळ अमेरिकन मर्क छापत होती, आणि २०१३ ची पंधरावी आवृत्ती लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने काढली आहे. त्यामुळे त्या आवृत्तीच्या नोंदीत प्रकाशक म्हणून दोन्हींपैकी एकाही मर्कचं नाव येत नाही.